तीन पुस्तकं आणि तीन वाट्या सूप

घरातल्या डब्यांत धान्य संपलं की मराठी माणूस म्हणतो, ‘ज्वारी संपली’, पण ‘तांदूळ संपले’. दोन्ही दाणेच, दोन्ही किलोवर मिळतात. तरी ज्वारी एकवचनी आणि तांदूळ अनेकवचनी. कुंकवावर चार तांदूळ लावता येतात, ‘चार ज्वाऱ्या’ मात्र कोणी म्हणत नाही; तिथे ‘ज्वारीचे चार दाणे’ म्हणावं लागतं. म्हणजे काय मोजायचं आणि काय मापायचं, हे केवळ वस्तूच्या स्वरूपावर ठरत नाही. भाषाही ते ठरवते.

ज्वारीला मोजण्यासाठी ‘दाणे’ लागतात, तसं चिनी भाषेत जवळजवळ प्रत्येक नामाला काहीतरी लागतं. पुस्तकालासुद्धा. तीन पुस्तकं म्हणायची तर ‘सान पन शू’: सान म्हणजे तीन, शू म्हणजे पुस्तक आणि मधला ‘पन’ बांधीव, पानांच्या वस्तूंसाठीचा गणक शब्द. तो गाळून नुसतं ‘सान शू’ म्हटलं तर रोजच्या बोलण्यात ते चूक ठरतं. माशासारख्या लांबट गोष्टींना ‘थ्याओ’ लागतो. आणि ‘शू’ला अनेकवचनाचं वेगळं रूप नाही, एक पुस्तक असो की शंभर, शब्द तोच.

इटालियन भाषाशास्त्रज्ञ गेन्नारो किएर्किया यांनी १९९८ मध्ये यावर धाडसी मांडणी केली. चिनीतली सगळी नामं मुळात पाणी-साखरेसारखी द्रव्यवाचक आहेत, आणि गणक शब्द त्यांतून मोजता येतील असे एकक काढून देतो, असं त्यांचं म्हणणं. कल्पना सुबक आहे, पण मग चिनी व्याकरणाच्या लेखी पुस्तक आणि सूप यांत फरकच उरत नाही का?

उरतो, असं लिसा चेंग आणि रिंट सिबेस्मा यांनी त्याच वर्षी दाखवलं. त्यांची कसोटी एका छोट्या शब्दाची आहे. आपल्या चा-ची-चे सारखं काम करणारा ‘त’ मधे घालून पाहायचा. ‘सान वान थांग’ म्हणजे तीन वाट्या सूप. ‘सान वान त थांग’ही चालतं. पण ‘सान पन त शू’ ऐकणाऱ्याला खटकतं. कारण उघड आहे. वाटीने मापेपर्यंत सुपाला एकक नसतं, ते वाटी तयार करते. पुस्तक आधीच सुटं असतं. ‘पन’ त्या सुटेपणाला फक्त नाव देतो. म्हणजे चिनीतही मोजायचं आणि मापायचं हा भेद आहे, तो नामाच्या रूपावर दिसत नाही, गणक शब्दाच्या वागण्यात दिसतो.

ही कसोटी मात्र पूर्ण बिनचूक नाही. ‘कितीतरी शेकडा मासे’ अशा मोठ्या, अंदाजे आकड्यांत ‘थ्याओ’नंतरही ‘त’ खपून जातो, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. इथे बोलणारा एकेक मासा मोजत नसतो, ढीग केवढा ते सांगत असतो.