जोडणी तोडायची, पण दंड का भरायचा?

‘वर्षाचे पैसे एकदम भरा, राउटर फुकट, जोडणीही फुकट.’ घरी इंटरनेट घेताना हे वाक्य बहुतेकांनी ऐकलेले असते. पहिले दोन-तीन महिने सगळे सुरळीत चालते. मग एखाद्या संध्याकाळी नेट जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी येते. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते. मुलाचा ऑनलाइन वर्ग बुडतो, घरून काम करणारी सून मोबाइलच्या डेटावर कशीबशी दिवस काढते. शेवटी कंटाळून ‘बंद करा तुमचे कनेक्शन’ म्हणून फोन केला, की पलीकडून उत्तर येते: मुदतीआधी बंद केलेत तर दंड लागेल, उरलेले पैसे पूर्ण मिळणार नाहीत.

इथे बहुतेक ग्राहक दोनपैकी एक गोष्ट करतात. चिडून सगळे सोडून देतात, नाहीतर वर्ष संपेपर्यंत तेच रडतखडत चालणारे नेट वापरतात. हा दंड नेमका कशाचा आहे, हे फार थोडे जण विचारतात. खरे काम मात्र तिथूनच सुरू होते, कारण तो दंड म्हणजे एकच एक रक्कम नसते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, योजनेचा दर महिना ८०० रुपये आहे. वर्षाचे ९,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ग्राहकाने ११,३२८ रुपये आगाऊ भरले. पाच महिन्यांनी त्याला जोडणी बंद करायची आहे. साधा हिशेब केला तर उरलेल्या सात महिन्यांचे, महिना ९४४ रुपयांप्रमाणे, ६,६०८ रुपये परत मिळायला हवेत. कंपनी मात्र २,२४८ रुपये देऊ करते. मधले ४,३६० रुपये गेले कुठे? कंपनीने वार्षिक सवलत काढून घेतली आणि वापरलेले पाच महिने १,००० रुपयांच्या मासिक दराने मोजले, त्यात करासह १,१८० गेले. ‘मोफत’ जोडणीचे शुल्क लावले, त्यात आणखी १,१८० गेले. आणि राउटरचे २,००० धरले.

रकमेची अशी फोड झाली की भांडण सोपे होते. राउटरचे २,००० हा वादाचा विषयच नाही. तो परत केला की ते कलम संपते. उरतात २,३६० रुपये. ती किंमत ग्राहकाने पूर्ण वर्ष राहण्याच्या बोलीवर मिळालेल्या सवलतीची आहे. ग्राहक मनात आले म्हणून निघाला असता, तर कंपनीच्या मागणीला काही अर्थ होता. पण कंपनीनेच ठरलेली सेवा दिली नाही म्हणून तो निघत असेल, तर बोली आधी कोणी मोडली हा प्रश्न येतो. दंडमाफीची सगळी मागणी या एका प्रश्नावर उभी आहे. म्हणून पहिले पत्र ‘दंड माफ करा’ असे न लिहिता ‘दंडाची कलमवार फोड लेखी द्या’ असे लिहिणे शहाणपणाचे.

आता बोली कंपनीने मोडली, हे दाखवायचे कसे? ‘नेट फार स्लो आहे’ या तक्रारीला कंपनीचे उत्तर तयारच असते: तुमच्या घरातले वायफाय कमकुवत आहे. कित्येकदा ते खरेही असते. दोन भिंतींपलीकडे बसून घेतलेली वेगचाचणी पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणून लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा आणि कमांड विंडोमध्ये या दोन ओळी एकामागून एक चालवाव्यात.

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिली ओळ लॅपटॉप ते राउटर एवढेच अंतर तपासते. (राउटरचा पत्ता वेगळा असल्यास तो त्याच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.) दुसरी ओळ घराबाहेरचा रस्ता तपासते. पहिलीची उत्तरे नीट येतात आणि दुसरीला वारंवार ‘Request timed out’ दिसते, तेव्हा बिघाड बहुधा घराबाहेर आहे. तारीख-वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढून ठेवावा. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा असे काही दिवस केले, की चित्र स्पष्ट होते. फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर एकाच वाहिनीवर जास्त घरे जोडल्याची शक्यता मोठी.

फायबरच्या जोडणीत आणखी एक साक्षीदार घरातच असतो. भिंतीवरच्या डबीवर ‘LOS’ लिहिलेला दिवा लाल झाला, की प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचतच नाही. तार कुठेतरी तुटली आहे किंवा जोड सुटला आहे. तंत्रज्ञ येतो तेव्हा तो छोट्या मीटरवर संकेताची ताकद मोजतो. आकडा उणे असतो. उणे २० च्या आसपास असला तर ठीक, उणे २७ च्याही खाली गेला तर डबीला तो संकेत नीट वाचता येत नाही आणि जोडणी तुटत राहते. तो आकडा विचारावा, मीटरचा फोटो घ्यावा. बहुतेक तंत्रज्ञ आढेवेढे न घेता आकडा सांगतात, कारण चूक त्यांची नसते.

पुरावा जमवला, तरी तक्रार योग्य दारात गेली नाही तर तो वाया जातो. गल्लीतल्या केबलवाल्याला किंवा लाइनमनला केलेले व्हॉट्सअॅप ही मोठी फसगत आहे. तो भला माणूस असतो, धावून येतो, पण त्याची नोंद कंपनीच्या दफ्तरी होत नाही. सहा महिन्यांनी कंपनी म्हणते, ‘आमच्याकडे तुमची एकही तक्रार नाही.’ बिलावर ज्या कंपनीचे नाव आहे, तिच्या तक्रार केंद्रातच नोंद व्हायला हवी आणि प्रत्येक वेळी डॉकेट क्रमांक मिळायला हवा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे.

यापुढचा डाव बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नेट बंदच असते आणि ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा एसएमएस येतो. ग्राहक वैतागून तो पुसून टाकतो. कंपनीच्या नोंदीत ती तक्रार मात्र वेळेत सुटलेली ठरते. असा एसएमएस आला की त्याच दिवशी ईमेल करावा: ‘डॉकेट क्रमांक अमुक बंद केला आहे, पण सेवा सुरू झालेली नाही.’ एवढी एक ओळ पुरते. मग नवा डॉकेट घ्यावा. चार-पाच डॉकेट आणि त्यांना जोडलेले असे ईमेल हीच पुढे खरी ताकद ठरते.

दिवस मोजण्यालाही महत्त्व आहे. ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम केले, तेव्हाच बिघाडासाठी भाडेसूट ठरवून दिली होती. बिघाड तीन कामाच्या दिवसांहून जास्त पण सातपर्यंत राहिला तर सात दिवसांचे भाडे, सात ते पंधरा दिवस राहिला तर पंधरा दिवसांचे आणि त्याहून लांबला तर महिन्याचे. २०२४ मध्ये ट्रायने गुणवत्तेचे सगळे नियम एकत्र करून नवे लागू केले. सध्या लागू असलेला तपशील कंपनीच्या ग्राहक सनदेत पाहावा. ही सनद प्रसिद्ध करणे कंपनीला भाग आहे. आपल्या उदाहरणात चौथ्या महिन्यात सलग नऊ कामाचे दिवस नेट बंद होते असे धरले, तर जुन्या मोजपट्टीने पंधरा दिवसांचे, म्हणजे सुमारे ४०० रुपये ग्राहकाचे येणे निघते. रक्कम लहान आहे. पण ही सूट मान्य करणे म्हणजे सेवा बंद होती हे कंपनीने स्वतः मान्य करणे, म्हणून ती जरूर मागावी.

मागणीचे पत्र लांबलचक असू नये. त्यात शिव्याशाप नकोत, मनस्तापाचे वर्णनही नको. ग्राहक क्रमांक, योजना, भरलेली रक्कम, डॉकेट क्रमांक आणि तारखा दिल्या की शेवटी असे लिहिता येते: ‘वरील तारखांना सेवा मिळालेली नाही व वारंवार कळवूनही बिघाड दूर झालेला नाही. त्यामुळे मी ही जोडणी आजपासून बंद करण्याची सूचना देत आहे. राउटर परत करण्यास तयार आहे. मुदतपूर्व शुल्क व जोडणी शुल्क न आकारता उरलेल्या सात महिन्यांचे ६,६०८ रुपये व भाडेसूट परत करावी.’ तक्रार केंद्राने नकार दिला किंवा मुदतीत उत्तर दिले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागायची असते. अपिलाला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. अनेक प्रकरणे याच पायरीवर सुटतात, कारण इथे कागद पाहणारा माणूस फोनवर ठरीव उत्तरे देणारा नसतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करून वाट पाहत बसू नये. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते.

‘तुम्ही अटींवर सही केली आहे’ हे कंपनीचे शेवटचे अस्त्र. पण भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला दंड ही कमाल मर्यादा असते. करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच मागता येते, लिहिली आहे म्हणून सगळी रक्कम आपोआप मिळत नाही. आणि इथे करार मोडणारा कोण, हाच तर वाद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड लावणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ म्हटले आहे. मात्र एक बारकावा आहे: करारच अनुचित ठरवून घ्यायचा असेल, तर राज्य आयोगाकडे जावे लागते. सदोष सेवेची तक्रार करून पैसे परत मागायचे असतील, तर जिल्हा आयोग पुरतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

बरीच वर्षे हे दार अर्धवट बंद होते. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन कंपन्या सांगत, की दूरसंचाराचा वाद लवादाकडेच न्यायला हवा. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याकाठी काहीशे रुपयांचे बिल येत असताना २०१३ च्या अखेरीस एकदम सुमारे २४,६०० रुपयांचे बिल आले. तो ग्राहक मंचात गेला आणि व्होडाफोन आयडियाने मंचाच्या अधिकारालाच आव्हान दिले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळले आणि दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालू शकतात असा निर्वाळा दिला. बिल चूक की बरोबर, हे त्या निकालाने ठरवले नाही. पण दार उघडले.

मोबाइलच्या पोस्टपेड ग्राहकाने एक सापळा टाळावा. रागाने बिल थांबवून थेट नंबर पोर्ट करायला जाऊ नये. थकबाकी असेल, किंवा करारातली बाहेर पडण्याची अट पाळलेली नसेल, तर पोर्टिंगची विनंती नाकारली जाऊ शकते. वादातली रक्कम ‘हरकत नोंदवून’ भरावी किंवा आधी अपील करावे, आणि मगच १९०० वर पोर्टचा संदेश पाठवावा. बिल नुसते थांबवले, तर सेवा न देणारी कंपनी बाजूला राहते आणि ग्राहकच थकबाकीदार दिसू लागतो.

प्रत्येक वेळी बाजू ग्राहकाचीच असते असे नाही. घर बदलले आणि नव्या भागात कंपनीची तार नाही, किंवा शेजारी स्वस्त योजना मिळाली, अशा कारणांनी निघायचे असेल तर माफी हक्काने मागता येत नाही, विनंतीच करावी लागते. बिघाड घरातल्या जुन्या वायरिंगचा निघाला तरीही तेच. ब्रिटनमध्ये हा वाद बराच कमी झाला आहे, कारण तिथल्या ऑफकॉमच्या संहितेत सामील कंपन्या योजना विकतानाच किमान वेगाची हमी लेखी देतात, आणि वेग त्याखाली गेला व तीस दिवसांत सुधारला नाही तर ग्राहक दंडाशिवाय बाहेर पडू शकतो. आपल्याकडे विक्रीच्या पत्रकावर ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असे छापलेले असते. म्हणून नवी योजना घेतानाच किमान वेग किती, बिघाड किती दिवसांत दुरुस्त होणार आणि मुदतीआधी निघाल्यास कशाचे किती पैसे कापणार, हे ईमेलवर विचारून ठेवावे.

जोडणी बंद होताना राउटर लाइनमनच्या हाती नुसता देऊ नये. त्यावरचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो काढावा आणि त्या क्रमांकासह सही-तारखेची पावती घ्यावी. पावती नसेल तर दोन महिन्यांनी त्याच राउटरचे २,००० रुपये थकबाकी म्हणून पुन्हा बिलात येतात, आणि शून्य बाकीचे अंतिम बिल ईमेलवर येईपर्यंत बँकेतली ऑटोपेची परवानगी चालू राहिली असेल तर ते खात्यातून परस्पर कापलेही जातात.