पळणाऱ्याच्या ताटातून काय कमी करावं, आणि कधी

वजन कमी करायचं म्हणून पळायला लागलेल्या माणसाची पहिली चाल बहुधा ठरलेली असते. सकाळचं पळणं सुरू होतं आणि त्याच आठवड्यात रात्रीचा भात बंद होतो. चहातली साखर जाते, दोनाची एक पोळी होते, नाश्त्याला नुसतं फळ. पहिल्या पंधरवड्यात काटा दोन किलो खाली येतो आणि आपण बरोबर करतोय अशी खात्री पटते. पुढे पाचव्या-सहाव्या आठवड्यात वजन जागचं हलत नाही, पाय लाकडासारखे होतात आणि रात्री तीनला जाग येते. तेव्हा बहुतेक जण आणखी एक पोळी कमी करतात. गाडी इथेच चुकीच्या रस्त्याला लागते.

एक नमुना घेऊन हिशोब मांडू, म्हणजे चूक नेमकी कुठे होते ते दिसेल. समजा, एक बाई आहेत. वय 38, वजन 70 किलो, उंची 160 सेंटीमीटर, बसून करायची नोकरी. जानेवारीत अर्धमॅरेथॉन पळायची म्हणून पावसाळ्यापासून त्या आठवड्यातून चार दिवस आठ-आठ किलोमीटर पळतात. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये रोजचा आहार 1300 कॅलरींवर बांधून घेतला आहे. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. त्यामुळे आठ किलोमीटरला 560 कॅलरी लागतात. तो तास त्या घरी बसून असत्या तरी साठेक कॅलरी गेल्याच असत्या, म्हणून पळण्याच्या नावावर 500 धरू.

आता 1300 मधून 500 वजा केले की उरतात 800. या 800 कॅलरींत हृदय, मेंदू, यकृत, हाडांची झीज भरणं, रक्त तयार होणं, मासिक पाळी आणि दिवसभराचं काम, सगळं भागवायचं आहे. क्रीडावैद्यकात या उरलेल्या ऊर्जेला ऊर्जा-उपलब्धता म्हणतात. ती शरीराच्या चरबी सोडून उरणाऱ्या वजनाला भागून मोजतात. आपल्या उदाहरणात ते वजन साधारण 47 किलो धरू. 800 भागिले 47 म्हणजे 17.

हा आकडा कसा वाचायचा? अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातल्या अ‍ॅन लाउक्स यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नियमित पाळी येणाऱ्या तरुणींना पाच-पाच दिवस वेगवेगळ्या ऊर्जा-उपलब्धतेवर ठेवलं होतं. 45 ला सगळं सुरळीत होतं. 30 च्या खाली गेल्यावर मात्र पाळीचं चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके विस्कळीत व्हायला लागले, आणि तेही पाच दिवसांत. 30 ही सगळ्यांसाठी आखलेली लक्ष्मणरेषा नाही. कुणाला 32 वरही त्रास होतो, कुणी 27 वर बराच काळ तग धरतं. पण 17 कुणालाच पुरत नाही. आणि आपल्या उदाहरणातल्या बाई न पळण्याच्या दिवशीही 1300 वरच असतात, म्हणजे 28 च्या आसपास. आठवड्यातला एकही दिवस भरून काढणारा नाही.

कागदावर ही तूट रोजची जवळपास 875 कॅलरींची दिसते. त्या हिशोबाने महिन्याला तीन किलोंहून जास्त वजन उतरायला हवं. ते तसं का उतरत नाही?

सुरुवातीला उतरलेल्या दोन किलोंत चरबी थोडीच असते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. जेवण तोडलं आणि पळणं वाढवलं की हा साठा उपसला जातो, पाणीही जातं, आणि काटा एक-सव्वा किलो सहज खाली येतो. त्यानंतर शरीर काटकसर सुरू करतं. थायरॉइडचं कार्यकारी संप्रेरक, टी-थ्री, खाली येतं. अंग गार पडतं. माणूस नकळत कमी हलतो: जिन्याऐवजी लिफ्ट, उभं राहायच्या जागी बसणं. दुसऱ्या बाजूला ताणाचं संप्रेरक वाढून अंगात पाणी साठतं आणि जी काही चरबी उतरलेली असते तीही काट्यावर लपते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च खूप खाली आला होता, आणि त्यांना सतत थंडी वाजत होती. आपली बाई त्या टोकाला नाहीत, पण यंत्रणा तीच आहे.

या काटकसरीत सगळ्यात आधी मार खाते ती दुरुस्ती. प्रत्येक पळण्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, हाडावर ताण येतो, आणि पुढच्या दीड-दोन दिवसांत शरीर ते बांधून काढतं. पळण्याचा फायदा या बांधकामातून मिळतो. त्याला साहित्यच मिळालं नाही तर मंगळवारची दुखरी पोटरी शुक्रवारीही दुखते आणि शनिवारी तिच्यावर पुन्हा आठ किलोमीटर पडतात. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या सगळ्या लक्षणसमूहाला एक नाव दिलं, रेड-एस, आणि तो पुरुषांनाही होतो हे स्पष्ट केलं. तो फक्त हडकुळ्या खेळाडूंचा आजार आहे, हा समज चुकीचा आहे. अंगावर चरबी भरपूर असलेल्या माणसालाही तो होतो. चरबीचा साठा असला तरी ती किती वेगाने वापरता येते याला मर्यादा असते, आणि दरम्यान मेंदू रोजच्या ताटावरून अंदाज घेत असतो.

ओळखायचं कसं? नेहमीचा रस्ता, नेहमीचा आरामशीर वेग, आणि तरी दोन आठवडे वेळ वाढत चालली असेल तर कान टवकारावेत. पहाटे भुकेने किंवा विनाकारण येणारी जाग, चिडचिड, हातपाय गार, सर्दी लवकर न जाणं, ही पुढची लक्षणं. बायकांमध्ये पाळी लांबणं किंवा हलकी होणं हा फार विश्वासू इशारा आहे. ‘व्यायामाने होतं असं’ म्हणून तो उडवून लावण्याची पद्धत धोक्याची आहे. पुरुषांकडे असा मासिक इशारा नाही. त्यांच्यात कामेच्छा उतरते आणि सकाळचा ताठरपणा नाहीसा होतो, पण हे कुणी कुणाला सांगत नाही.

मग आपल्या उदाहरणातल्या बाईंनी वजन कमी करूच नये का? जरूर करावं. ऊर्जा-उपलब्धता 35 धरू. 47 गुणिले 35 म्हणजे साधारण 1650. न पळण्याच्या दिवशी एवढं खायचं, आणि पळण्याच्या दिवशी त्यात 500 घालून 2150. आठवड्याची सरासरी 1935 च्या आसपास येते. त्यांचा प्रत्यक्ष खर्च सरासरी 2175 च्या घरात असेल. म्हणजे रोज 240 कॅलरींची तूट, आणि महिन्याला साधारण एक किलो. वेग मंद वाटेल, पण या वेगात पळणं सुधारतं. तीन किलोंच्या हट्टात ते मोडतं.

तूट कुठे बसवायची, हा माझ्या मते आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा भाग आहे. पळण्याच्या आगेमागे कापायचं नाही. सकाळी साडेपाचला निघण्याआधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर. उपाशीपोटी पळाल्याने त्या तासात चरबी जास्त वापरली जाते हे खरं, पण दिवसभरातलं खाणं सारखंच असेल तर महिन्याअखेर त्याने फरक पडत नाही. सव्वा तासाच्या पुढचं पळणं असेल तर वाटेत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम साखर किंवा तिच्यासारखं काही पोटात जावं. परत आल्यावर तासाभरात नीट नाश्ता. नुसते पोहे अपुरे पडतात, कारण त्यांत प्रथिनं फारशी नाहीत. पोह्यांबरोबर दोन अंडी आणि कपभर दूध घेतलं तर 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं होतात. अंडी चालत नसतील तर मूगडाळीची धिरडी आणि दही. वजन उतरताना स्नायू टिकवायला दर किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे या बाईंना दिवसाला 85 ते 110 ग्रॅम. दुपारी उसळ आणि दही, चार वाजता मूठभर फुटाणे, रात्री वरणाबरोबर पनीर किंवा मासे, असं प्रत्येक वेळी थोडं पडलं तरच ते जुळतं. कापायचं ते पळण्यापासून लांबच्या तासांतून: संध्याकाळचं फरसाण, तिसरा गोड चहा, रात्रीच्या भाजीवरचं तेल. आणि विश्रांतीच्या दिवशी भात-भाकरी थोडी कमी. लांब पळण्याच्या आदल्या रात्रीचा भात मात्र बंद करू नये.

आपल्याकडे एक खास पेच आहे. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यात सुरू होते, लांब पळणं रविवारी असतं, आणि श्रावणातला उपवास सोमवारी. दुरुस्तीला सगळ्यात जास्त मागणी असते नेमक्या त्याच दिवशी ताट रिकामं, किंवा नुसत्या साबुदाण्याचं, ज्यात पिष्ट भरपूर आणि प्रथिनं जवळपास नाहीत. उपवास करायचाच असेल तर उपवासाच्या पदार्थांतूनच भागवता येतं. राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी आणि वरी, रताळं, दोन वेळा दूध किंवा दही. निर्जळी किंवा एकवेळचा उपवास धरणाऱ्यांनी त्या महिन्यात लांब पळणं शनिवारी न्यावं, म्हणजे रविवारचा भरपेट दिवस मध्ये येतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

काही गोष्टी आहाराने सुटण्याची वाट पाहायची नसते. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाखवता येईल अशी एकाच जागी दुखणारी जागा, पळताना वाढत जाणारी आणि नंतर रात्रीही ठणकणारी, ही हाडाची ताण-इजा असू शकते. पहिल्या एक्स-रेमध्ये ती बरेचदा दिसतच नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी पळणं थांबवून अस्थितज्ज्ञाला पुन्हा दाखवावं. पाळी तीन महिने चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञ. आणि थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. पळण्याने लोहाची गरज वाढते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा ते शोषू देत नाही.

आहार वाढवल्यावर काय होतं हेही आधीच माहीत असलेलं बरं. पहिल्याच आठवड्यात काटा एक-दीड किलो वर जातो. हा भरलेला ग्लायकोजेनचा साठा आणि त्याच्याबरोबरचं पाणी. बरेच जण इथे घाबरून पुन्हा भात सोडतात. त्या दोन आठवड्यांत वजन करूच नये. नंतरही रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी, आणि तिच्या शेजारी नेहमीच्या रस्त्यावरची वेळ लिहावी. सरासरी हळूहळू उतरतेय आणि वेळ टिकून आहे किंवा सुधारतेय, तर ताट बरोबर आहे. वेळ वाढत असेल तर पळण्याच्या दिवशी 200 ते 300 कॅलरी आणखी घालून दोन आठवडे थांबावं. झोप आणि पायांतली जडता बहुधा दोन-तीन आठवड्यांत सुधारते. थांबलेली पाळी परत यायला काही महिने लागतात, आणि हाडांची घनता भरून यायला त्याहूनही जास्त.