पत्त्याचे चार तुकडे : पेज टेबल आणि टीएलबी

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेल्या ‘परम ८०००’मध्ये ट्रान्सप्युटर चिप होत्या. या चिपांमध्ये पत्त्यांचे भाषांतर करणारा भाग नव्हता. प्रोग्रामने जो पत्ता मागितला, मेमरीतली तीच जागा त्याला मिळे. पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने घडवलेला आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘अजित’ हा प्रोसेसर मात्र मेमरी मॅनेजमेंट युनिट बाळगतो. हा प्रोसेसर ‘स्पार्क व्ही-८’ या खुल्या आज्ञासंचावर चालतो, आणि त्या मानकात पेजिंगची जी संदर्भ-रचना दिली आहे, ती शिकायला मला सगळ्यात स्वच्छ वाटते.

या रचनेत आभासी पत्ता ३२ बिटांचा आणि पेज ४ केबीचे, म्हणजे ४,०९६ बाइटांचे असते. पेजच्या आतली जागा सांगायला १२ बिट लागतात. हा झाला ऑफसेट. उरलेले २० बिट म्हणजे पेज क्रमांक. भाषांतरात बदलतो तो फक्त पेज क्रमांक. ऑफसेट जसाच्या तसा पुढे जातो.

आता २० बिटांच्या पेज क्रमांकासाठी सरळ एकच टेबल केले, तर त्यात १०,४८,५७६ नोंदी होतील. नोंद ४ बाइटांची धरली, तर प्रत्येक प्रोग्राममागे ४ एमबी नुसत्या टेबलात जातील, आणि त्यातल्या बहुतेक नोंदी रिकाम्याच राहतील. म्हणून पेज क्रमांकाचे ८, ६ आणि ६ बिट असे तीन भाग करतात. नाशिक जिल्हा, बागलाण तालुका, नामपूर अशी पायरीपायरीने जागा गाठावी, तसेच हे. ज्या तालुक्यात जायचेच नाही, तिथल्या गावांची यादी कुणी बनवत बसत नाही.

0x12345678 हा पत्ता घेऊ. पहिले ८ बिट 0x12, म्हणजे १८. पुढचे १२ बिट 0x345; त्यांचे दोन भाग केले की १३ आणि ५ मिळतात. शेवटी उरतो 0x678 हा ऑफसेट, म्हणजे १,६५६. हार्डवेअर आधी कॉन्टेक्स्ट टेबल पाहून चालू प्रोग्रामचे पहिले टेबल शोधते. त्यातली १८ क्रमांकाची नोंद दुसऱ्या टेबलाकडे नेते, तिथली १३ क्रमांकाची नोंद तिसऱ्याकडे. तिसऱ्यातल्या ५ क्रमांकाच्या नोंदीत समजा 0x004A21 हा फ्रेम क्रमांक मिळाला. त्याला ऑफसेट जोडला की भौतिक पत्ता तयार : 0x004A21678. वाटेत एखादी नोंद ‘अवैध’ निघाली, तर पेज फॉल्ट होतो आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो.

छोट्या प्रोग्रामला पहिले टेबल १ केबीचे आणि पुढची दोन २५६-२५६ बाइटांची, एवढे पुरते. ४ एमबीच्या जागी दीड केबी! पण एक शब्द वाचायला आता टेबलांची चार वाचने आणि मग प्रत्यक्ष डेटाचे पाचवे. हे प्रत्येक आज्ञेला परवडणार नाही. म्हणून नुकतीच झालेली भाषांतरे टीएलबी नावाच्या छोट्या, अतिवेगवान साठ्यात ठेवतात. पेज क्रमांक तिथे सापडला की टेबलांकडे जायची गरजच नाही.

टीएलबी लहान असतो. समजा त्यात ६४ नोंदी आहेत. ४ केबीच्या पेजने एका वेळी फक्त २५६ केबी मेमरी त्याच्या आवाक्यात येते. त्याचा परिणाम या लूपमध्ये दिसतो :

```c
for (j = 0; j < 1024; j++)
  for (i = 0; i < 1024; i++)
    sum += a[i][j];
```

`a` मध्ये ४ बाइटांचे पूर्णांक असतील, तर एक ओळ नेमकी ४ केबीची. `i` एकाने वाढला की आपण पुढच्या पेजवर जातो. १,०२४ पेज फिरून पहिल्यावर परत येईस्तोवर त्याची नोंद केव्हाच बाहेर गेलेली असते. म्हणजे दहा लाखांवर वाचनांत जवळजवळ दर वेळी टीएलबी चुकतो. दोन्ही `for` ओळींची अदलाबदल केली, तर चुका हजाराच्या आसपास येतात. लिनक्सवर हे मोजता येते, प्रोसेसरने तो मोजमापक दिला असेल तर :

```
perf stat -e dTLB-load-misses ./a.out
```

वेळेतला फरक मात्र सगळा टीएलबीचा समजू नये. स्तंभाने फिरताना डेटाची कॅशही चुकते, आणि उलट बाजूने पेज टेबलाच्या नोंदी कॅशमध्ये असल्या तर भाषांतर स्वस्तही पडते.

याहून चिवट दोष शिळ्या नोंदीचा. ऑपरेटिंग सिस्टिमने पेज टेबलातला फ्रेम क्रमांक बदलला, पण टीएलबीतली जुनी नोंद पुसली नाही, तर प्रोग्राम जुन्याच फ्रेमवर लिहीत राहतो. ओळखायची खूण अशी की दोष कधी दिसतो, कधी नाही. आणि शोध घ्यायला मधे एखादी छापायची आज्ञा घातली की गायब होतो, कारण त्या आज्ञेच्या धावपळीत जुनी नोंद आपोआप बाहेर ढकलली जाते. म्हणून बदलानंतर नोंद पुसण्याची आज्ञा द्यावीच लागते. नुसता प्रोग्राम बदलला तर सगळा टीएलबी पुसावा लागत नाही, कारण नोंदीबरोबर कॉन्टेक्स्ट क्रमांकही ठेवलेला असतो.

आवाका वाढवायची सोय याच रचनेत आहे. भाषांतर दुसऱ्या टेबलावरच थांबवले, तर एक नोंद २५६ केबी व्यापते. पहिल्यावर थांबवले, तर १६ एमबी. २५६ केबीच्या नोंदी वापरल्या, तर वरच्या लूपमधली `a` ही ४ एमबीची सारणी १६-१७ नोंदींत बसते आणि स्तंभाने फिरूनही टीएलबी पुरतो. त्यासाठी भौतिक मेमरीत सलग २५६ केबीचे तुकडे, तेही ठरलेल्या सीमेवर सुरू होणारे, मोकळे मिळायला हवेत. यंत्र बराच काळ चालून मेमरी विस्कटली की नेमके तेच मिळेनासे होतात.