भंडारा उडाला आणि चित्र विरघळलं

सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर फोनवर घेतलेला चाळीस सेकंदांचा एखादा व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. पहिली काही सेकंदं दीपमाळा, पायऱ्या, माणसांची दाटी. मग ‘येळकोट येळकोट’चा गजर होतो, ओंजळी वर जातात आणि सगळी चौकट पिवळी होते. फोनच्या गॅलरीत हे लख्ख दिसतं. तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, की दीपमाळा बऱ्या दिसतात, पण भंडारा उडताक्षणी चित्राचा लगदा होतो. चेहऱ्यांवरच्या रेषा जातात, पायऱ्यांच्या कडा पुसल्या जातात. आणि खाली क्वालिटीच्या रकान्यात मात्र १०८०पी लिहिलेलं असतं.

तो आकडा खोटा नाही. १०८०पी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एका फ्रेममध्ये वीस लाखांहून जास्त पिक्सेल. तेवढे ते अपलोड केल्यावरही असतातच. पण त्या पिक्सेलांमध्ये काय भरायचं, हे सांगायला किती माहिती दिली आहे, याबद्दल हा आकडा अवाक्षर काढत नाही. ते ठरवतो बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च केलेले बिट.

हिशेब मांडून पाहू. कुठलीही काटछाट न करता ठेवली, तर अशी एक फ्रेम सुमारे ६ एमबी भरते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका मिनिटाचे ११ जीबी होतील. त्यामुळे फोनसुद्धा चित्र दाबूनच साठवतो. ज्याला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो, ती फाइलही कॉम्प्रेस केलेलीच असते. फक्त फोन सढळ हाताने खर्च करतो, कारण त्याला समोरचं दृश्य हलत असतानाच दाबायचं असतं, विचार करायला वेळ नसतो. आपला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ समजा ८५ एमबीचा आहे. त्याला ८ ने गुणून ४० ने भागलं, की सेकंदाला १७ मेगाबिट हा बिटरेट मिळतो. साइटला मात्र हाच व्हिडिओ गावाकडच्या अडखळत्या नेटवर्कवरही चालवायचा असतो, म्हणून ती आपल्या फाइलवरून १४४पीपासून वरपर्यंत वेगवेगळ्या प्रती तयार करते. त्यातल्या १०८०पी प्रतीच्या वाट्याला समजा अडीच मेगाबिट आले. म्हणजे जवळजवळ सातव्या हिश्श्यात तेच चित्र बसवायचं.

आता आणखी जवळून पाहू. सगळ्यात जास्त चालणारी पद्धत एच.२६४. २००३ साली ठरलेल्या या पद्धतीत फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलांचे चौकोन पाडतात. आपल्या फ्रेमचे असे ८,१६० चौकोन होतात. फोनच्या फाइलमध्ये प्रत्येक चौकोनाला सरासरी ७० बिट मिळत होते, अपलोडनंतर मिळतात १०. २५६ पिक्सेलांचं वर्णन दहा बिटांत! हे जमतं, कारण बहुतेक चौकोनांचं वर्णन करावंच लागत नाही. दीपमाळ मागच्या फ्रेममध्ये होती तिथेच असेल, तर ‘मागचंच ठेवा’ एवढा निरोप पुरतो. कॅमेरा थोडा सरकला असेल, तर ‘मागचंच, पण चार पिक्सेल डावीकडे’. राहिलेला फरक तेवढा वेगळा लिहायचा.

भंडारा उडाला की ही युक्ती कोलमडते. हळदीचा प्रत्येक कण आपापल्या दिशेला जातो आणि मागच्या फ्रेममध्ये त्याच्याशी जुळणारं काहीच सापडत नाही. हजारो चौकोन नव्याने लिहावे लागतात आणि बिट तर तेवढेच. पंगतीला शंभर पानांचा भात शिजला आणि सातशे पानं बसली, तर जे होईल तेच इथे होतं: वाढप सगळ्यांचंच कमी होतं. म्हणून भंडाऱ्याबरोबर बाजूचे चेहरेही धूसर होतात, आणि पिवळा धुरळा खाली बसला की क्षणभरात चित्र पुन्हा सावरतं. आपला व्हिडिओ कॉम्प्रेशननेच बिघडला का, हे ओळखायची ही उत्तम खूण आहे. फोकस चुकला असता तर तो गॅलरीतही चुकलेलाच दिसला असता.

बिट कमी पडले की नेमकं काय टाकून देतात? त्यामागचं गणित डीसीटी या रूपांतराचं आहे. बंगळूरला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले नासिर अहमद यांनी नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. एच.२६४ त्याचंच सुटसुटीत रूप वापरतं. चौकोनातले पिक्सेल जसेच्या तसे न लिहिता त्यांचे घटक लिहायचे: आधी सरासरी उजेड, मग संथ चढ-उतार, मग बारीक आणि शेवटी अतिबारीक. समजा हे आकडे २१०, ३४, −९, ६, ३ असे आले. हात सैल असेल तर त्यांना ८ ने भागून जवळचा पूर्णांक घेतात: २६, ४, −१, १, ०. बघताना परत ८ ने गुणलं की २०८, ३२, −८, ८, ० मिळतात, म्हणजे जवळपास मूळचेच. हात आखडता असेल तर ४० ने भागतात: ५, १, ०, ०, ०. परत गुणल्यावर २००, ४०, आणि पुढे नुसती शून्यं. उजेड राहिला, ढोबळ छटा राहिली, पण बारकावे गेले. दगडाचा खरखरीतपणा, केसांच्या बटा, हळदीचे कण, सगळं त्या शून्यांत जातं, आणि एकदा शून्य झालेलं परत आणता येत नाही.

तरीही प्रश्न उरतो: मग चौकोन का दिसत नाहीत? जुन्या व्हीसीडीवर मारामारीच्या प्रसंगात पडद्यावर ठोकळे उमटायचे, ते आठवत असतील. एच.२६४ मध्ये चौकोनांच्या शिवणी लपवण्यासाठी कडा गुळगुळीत करणारी गाळणी अंगभूत असते. माहिती तेव्हाही जायची, आताही जाते. तेव्हा तिचे ठोकळे दिसायचे, आता धूसरपणा दिसतो. माझ्या मते ठोकळे जास्त प्रामाणिक होते. निदान दोष कॅमेऱ्याच्या माथी तरी बसत नव्हता.

रात्रीच्या व्हिडिओंचंही हेच दुखणं. अंधारात सेन्सरवर जी रवाळ खळबळ दिसते, तीही दर फ्रेमला वेगळी असते आणि बिट खाऊन टाकते. म्हणून उजेड वाढवला आणि फोन कठड्यावर टेकवून धरला, तर अपलोडनंतरचं चित्र खरोखर सुधारतं.

फाइल साइटपर्यंत कशी पोहोचते, तेही पाहावं. आधी कुणी ती व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवली आणि तिथून उतरवून अपलोड केली, तर दोनदा छाटणी होते, आणि दुसऱ्या खेपेला साइट पहिल्या खेपेचे दोषही इमानाने जपायला बिट घालवते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी जाते. शिवाय अपलोड झाल्या झाल्या घाबरू नये. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, मोठ्या प्रती मागाहून येतात.

एक आडवळणाची वाटही आहे. कॉम्प्युटरवर यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` उघडलं, की कोडेकचं नाव दिसतं. `avc1` म्हणजे एच.२६४, `vp09` किंवा `av01` म्हणजे तेवढ्याच बिटांत जास्त बारकावे टिकवणाऱ्या नव्या पद्धती. १०८०पीच्या वरच्या प्रतींना या नव्या पद्धती मिळतात आणि बिटही जास्त मिळतात. म्हणून काही जण १०८०पीचा व्हिडिओ एडिटिंगमध्ये मुद्दाम १४४०पीपर्यंत ताणून चढवतात. त्यातून नवा तपशील येत नाही, पण आहे तो बराच वाचतो. मात्र त्यासाठी बघणाऱ्यानेही १४४०पीच निवडायला हवं. तो डेटा वाचवायला ४८०पीवर बघत असेल, तर त्याच्यापुरता भंडारा पिवळा धूरच राहतो.