हिरवी खूण काय सांगते आणि काय सांगत नाही

हातात धरून खेळायचा पीसी म्हणजे सात-आठ इंची पडदा, दोन्ही बाजूंना काठ्या आणि बटणे, आणि आत खराखुरा संगणक. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी 2022 मध्ये बाजारात आला आणि हा प्रकार सर्वतोमुखी झाला. पण पीसीसाठी लिहिलेले गेम टेबलावरचा मोठा मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस गृहीत धरून बनवलेले असतात. त्यामुळे इथे ‘मशीनला गेम झेपेल का’ एवढे विचारून भागत नाही. गेम सुरळीत सुरू झाला, पण पात्राचे नाव टाइप करायच्या ठिकाणी कीबोर्डच उघडला नाही, तर खेळ तिथेच थांबतो.

म्हणून व्हॉल्व्हने एकेक गेम डेकवर तपासून त्याला शेरा द्यायला सुरुवात केली. स्टीमच्या दुकानात गेमच्या पानावर तो दिसतो. हिरवी बरोबरची खूण म्हणजे ‘व्हेरिफाइड’, पिवळी म्हणजे ‘प्लेएबल’, म्हणजे खेळता येईल पण थोडी खटपट करावी लागेल. तिसरा शेरा ‘अनसपोर्टेड’, आणि ज्याची तपासणीच झालेली नाही त्याला ‘अननोन’. शेवटच्या दोघांची गल्लत फार होते. ‘अननोन’ म्हणजे चालत नाही असे मुळीच नाही. जुने, छोटे कितीतरी गेम या रकान्यात आहेत आणि उत्तम चालतात.

हिरव्या खुणेसाठी चार गोष्टी पाहिल्या जातात. सगळा गेम कंट्रोलरने खेळता आला पाहिजे, पडद्यावर दिसणारी बटणांची चिन्हे डेकच्या बटणांशी जुळली पाहिजेत आणि लिहायची वेळ आली की कीबोर्ड आपोआप उघडला पाहिजे. दुसरी गोष्ट पडद्याची. डेकचा पडदा 1280 बाय 800 पिक्सेलचा आहे. त्यावर सर्वांत लहान अक्षराचीही उंची 9 पिक्सेलच्या खाली जाऊ नये, अशी अट आहे. ही अट क्षुल्लक वाटते, पण मोठ्या मॉनिटरसाठी रचलेले संवाद आणि वस्तूंच्या याद्या सात इंचांवर आल्या की सगळ्यात आधी डोळेच थकतात. तिसरी गोष्ट, गेम सुरू होण्याआधी प्रकाशकाची वेगळी खिडकी उघडत असेल तर तीही कंट्रोलरने हाताळता यावी आणि ‘तुमचे ग्राफिक्स कार्ड चालणार नाही’ असले इशारे मध्ये येऊ नयेत.

चौथी अट समजायला डेकच्या आत डोकवावे लागते. डेकवर विंडोज नसते, लिनक्सवर उभी असलेली स्टीमओएस असते. विंडोजसाठी लिहिलेला गेम आणि ही प्रणाली यांच्यामध्ये प्रोटॉन नावाचा दुभाषी बसतो आणि गेमची प्रत्येक मागणी लिनक्सला समजेल अशी करून देतो. बहुतेक वेळा तो हे काम इतके चोख करतो की खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अडते ते ऑनलाइन खेळांतली फसवेगिरी पकडणाऱ्या अँटी-चीट यंत्रणेपाशी. ती प्रोटॉनवर चालू द्यायची की नाही, हे गेमची कंपनी ठरवते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो 5. हा गेम डेकवर छान चालायचा. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्या ऑनलाइन भागात बॅटलआय ही अँटी-चीट यंत्रणा आली. बॅटलआयला प्रोटॉनवर चालता येते, पण रॉकस्टारने ती सोय सुरू केली नाही. डेकवर ऑनलाइन खेळणे बंद झाले आणि शेरा ‘अनसपोर्टेड’ झाला. एकट्याने खेळायची कथा मात्र त्यानंतरही चालत राहिली. म्हणजे शेरा वाईट असूनही ज्याला फक्त कथा खेळायची होती त्याचे काही बिघडले नव्हते. म्हणून रंग पाहून थांबू नये. शेऱ्याशेजारच्या ‘लर्न मोअर’वर टिचकी मारली की कोणती अट पास झाली आणि कोणती अडली, याची यादी उघडते. ती वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही.

आता उलटी बाजू. शेरा हिरवा, तरीही गेम अडखळतो असे होते. बाल्डर्स गेट 3 हा 2023 चा अप्रतिम गेम व्हेरिफाइड आहे. पहिल्या अंकातल्या रानावनात आणि वस्त्यांत तो डेकवर सेकंदाला साधारण 30 चित्रे दाखवतो आणि अशा सावकाश, डावपेचांच्या खेळाला तेवढी पुरतात. तिसऱ्या अंकात कथा महानगरात शिरते आणि चित्रांचा वेग विशीत घसरतो. कारण रस्त्यावरची गर्दी. तिथल्या प्रत्येक माणसाचे चालणे-बोलणे मुख्य प्रोसेसरला सतत सांभाळावे लागते आणि डेकच्या प्रोसेसरला चारच कोअर आहेत.

हे ओळखायचे कसे? डेकवरचे तीन ठिपक्यांचे बटण दाबून परफॉर्मन्सचा तक्ता पडद्यावर आणायचा. मग सावल्या, पोत, रेझोल्यूशन सगळे खाली आणायचे. चित्रांचा वेग वाढला, तर भार ग्राफिक्सवर होता. तो जागचा हलला नाही, तर अडचण मुख्य प्रोसेसरची आहे आणि चित्र कितीही धूसर केले तरी हाती काही लागणार नाही. अशा वेळी गर्दीचा तपशील कमी करणारी सेटिंग असेल तर ती उपयोगी पडते.

लेरियन स्टुडिओने सप्टेंबर 2025 मध्ये या गेमची खास डेकसाठी आवृत्ती काढली. तिला प्रोटॉनची गरज नाही, त्यामुळे प्रोसेसरवरचा आणि मेमरीवरचा ताण कमी झाला. गेम बाजारात आल्यावर दोन वर्षांनी एखादा स्टुडिओ एवढे कष्ट घेतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

हिरवी खूण आणखी दोन बाबतींत गप्प असते. बाल्डर्स गेट 3 ला 150 जीबी जागा लागते, आणि सर्वांत स्वस्त डेक निघाला तेव्हा त्यात 64 जीबीच होती. दुसरी बाब बॅटरीची. पहिल्या डेकची बॅटरी 40 वॅट-तासांची आहे. जड गेम वीसेक वॅट ओढत असेल, तर दोन तासांत चार्जर शोधावा लागतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. व्हॉल्व्ह इथे डेक अधिकृतपणे विकत नाही, पण असूसचा आरओजी अॅलाय 2023 पासून मिळतो आणि तो विंडोजवर चालतो. डेकचा शेरा त्याला जसाच्या तसा लावू नये. विंडोजवर प्रोटॉनचा प्रश्न नाही, त्यामुळे अँटी-चीटमुळे डेकवर नापास झालेला गेम इथे बिनतक्रार चालू शकतो. कंट्रोलरबद्दलचे निष्कर्ष मात्र तसेच्या तसे उपयोगी पडतात. अक्षरांबाबत सावध राहावे, कारण अॅलायचा पडदाही सात इंचीच, पण 1920 बाय 1080 पिक्सेलचा आहे. पूर्ण रेझोल्यूशनवर तेच 9 पिक्सेलचे अक्षर त्यावर आणखी बारीक दिसेल.

खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीम पैसे परत करते. सुरुवातीलाच अडणाऱ्या गेमसाठी ही सोय पुरेशी आहे. पण बाल्डर्स गेट 3 चे ते महानगर कित्येक तासांच्या खेळानंतर येते, तेव्हा परताव्याची मुदत केव्हाच उलटलेली असते. अशा लांब गेमसाठी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळाडूंनी लिहिलेले अनुभव घेण्याआधी वाचावेत. त्यांत यंत्र कोणते, नोंद कधीची आणि लिहिणारा किती तास खेळला होता, हे आधी पाहावे. पहिल्याच तासाभरात ‘मस्त चालतो’ म्हणणाऱ्यापेक्षा शेवटापर्यंत गेलेल्याची एक नोंद जास्त कामाची असते.