उजव्या हाडावर झालेला अभ्यास

शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत हाडांच्या टेबलावर पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: हाड कोणते आणि कोणत्या बाजूचे? एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने पहिल्या वर्षाच्या ज्युनिअरला लिहिलेले पत्र याच प्रश्नापासून सुरू होते. आपला बोन सेट त्याच्या हवाली करताना तिने ते सोबत दिले. पहिल्या वर्षातल्या तीन व्हायव्हांचा हिशेब त्यात आहे, आणि तिन्ही वेळा तिच्या हाती आलेले हाड एकच होते: दंडाचे हाड, म्हणजे ह्यूमरस.

पहिली व्हायव्हा हाताचे डिसेक्शन संपल्यावर, पार्ट कम्प्लिशनच्या वेळी झाली. तोवर तिने ह्यूमरसची सगळी वर्णने पाठ केली होती. सेट सीनिअरांकडून आलेला असल्यामुळे हाडावर स्नायूंच्या जागा आधीच रंगवलेल्या होत्या, उगमाला लाल आणि जोडणीला निळा. टेबलावरचे हाड मात्र कोरे होते आणि डाव्या बाजूचे होते. हाफ सेटमध्ये हातापायांची हाडे एकाच बाजूची असतात. पूर्ण सेट दोघांत वाटून घेतला की एकाकडे उजवी हाडे जातात आणि दुसऱ्याकडे डावी. तिच्या वाट्याला उजवी आली होती आणि डावा ह्यूमरस तिने तोवर हातात धरलाच नव्हता.

चूक कशी झाली, हे पत्रात नेमकेपणाने सांगितले आहे. उजवा ह्यूमरस जसा शरीरात असतो तसा धरला, तर त्याचे गोल डोके धरणाऱ्याच्या डावीकडे वळलेले दिसते. ‘डोके डावीकडे’ हे चित्र तिच्या डोळ्यांत पक्के बसले होते. डावे हाड हाती येताच तिने ते फिरवून डोके डावीकडे आणले आणि ‘उजवे’ असे उत्तर दिले. त्या फिरवण्यात हाडाची मागची बाजू पुढे आली. रेडिअल नर्व्हची स्पायरल ग्रूव्ह दाखवायला सांगितल्यावर ती तिने पुढच्या बाजूवर दाखवली. बाजू चुकली की त्यानंतरचे प्रत्येक उत्तर आरशातले होते, तोंडी वर्णन बरोबर असले तरीही.

यावर तिने काढलेला उपाय म्हणजे तीन निश्चित्या, त्याही क्रमाने. आधी वरचे टोक: गोल डोके वर. मग मागची बाजू: खालच्या टोकाजवळ जो मोठा, खोल खड्डा असतो (ओलेक्रॅनॉन फॉसा) तो मागे. या दोन गोष्टी ठरल्यानंतरच डोके कुठे वळले आहे ते पाहायचे, कारण ते नेहमी शरीराच्या मध्याकडे वळलेले असते. डोके उजवीकडे दिसले तर हाड डावे, डावीकडे दिसले तर उजवे. वर्षानुवर्षे हाताळलेल्या हाडांत डोके झिजलेले किंवा तुटलेलेही असते. अशा वेळी खालच्या टोकाचा जास्त पुढे आलेला आतला उंचवटा, मीडिअल एपिकॉन्डाइल, तेच काम करतो, कारण तोही मध्याकडेच असतो. बाजू सांगून झाली की हाड परीक्षकाच्या अंगाशी नव्हे, स्वतःच्या त्याच बाजूच्या दंडाशी धरायचे.

दुसरी व्हायव्हा सहामाही परीक्षेतली. बाजू बरोबर आली आणि अडचण पुढे सरकली. दोन उंचवट्यांमधल्या खोबणीत कोणते स्नायू जोडलेले असतात, या प्रश्नावर तिला ‘दोन मेजरांच्या मध्ये लेडी’ ही पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना ठाऊक असलेली खूण आठवली: पेक्टोरॅलिस मेजर, लॅटिसिमस डॉर्सी आणि टेरेस मेजर. नावे बरोबर होती. मात्र कोणता मेजर कोणत्या काठावर, हे खूण सांगत नाही. परीक्षकाने बोट ठेवायला सांगितले आणि तिने दोन्ही मेजरांची अदलाबदल केली. पेक्टोरॅलिस मेजर छातीवरून, पुढून येतो आणि खोबणी ओलांडून तिच्या बाहेरच्या काठाला लागतो. टेरेस मेजर खांद्याच्या पात्याकडून, मागून येतो आणि आतल्या काठावर थांबतो. डिसेक्शन हॉलमध्ये तिने हे दोन्ही स्नायू हाताने बाजूला केले होते. ते दृश्य आठवले असते तर खुणेची गरजच उरली नसती. म्हणूनच हाड वाचताना ज्युनिअरने त्याच दिवशी कॅडॅव्हरवर तो भाग पुन्हा पाहावा, असा तिचा आग्रह आहे.

बोट ठेवण्याविषयी पत्रात एक खास सूचना आहे. पूर्ण पंजा फिरवून ‘इथे’ म्हणणे परीक्षकाला न येण्याची खूण वाटते, आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. पेन्सिलीचे टोक बंद ठेवून, हाडाला न टेकवता, जागेची सुरुवात आणि शेवट दोन्ही दाखवावेत. सर्जिकल नेक आणि ॲनाटॉमिकल नेक यांतला फरक अशा दाखवण्यातच कळतो. दुसरी डोक्याच्या कडेलगतची उथळ खाच असते, पहिली उंचवट्यांच्या खाली, जिथे हाड निमुळते होते तिथे.

विद्यापीठाच्या परीक्षेतली तिसरी व्हायव्हा सर्वांत लांबली, आणि तिनेच पत्राचा मोठा भाग व्यापला आहे. ह्यूमरसला तीन नर्व्ह खेटून जातात: सर्जिकल नेकपाशी ॲक्सिलरी, शाफ्टच्या मागे रेडिअल, मीडिअल एपिकॉन्डाइलच्या मागे अल्नर. इथवर कोणीही सांगतो. बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारले, शाफ्ट मध्यावर मोडला तर? ‘रिस्ट ड्रॉप’, तिने सांगितले. मनगट वर उचलता येत नाही. पुढचा प्रश्न होता: मग कोपर सरळ करता येईल का? ट्रायसेप्सला रेडिअल नर्व्हच पुरवठा करते, तेव्हा ‘नाही’ हे उत्तर ओठांवर येते, आणि बहुतेक मुले इथेच अडकतात. ट्रायसेप्सच्या बऱ्याच शाखा ग्रूव्हमध्ये शिरण्याआधीच निघालेल्या असतात. त्यामुळे मध्यावरच्या फ्रॅक्चरमध्ये कोपर सरळ करण्याची ताकद बहुतांशी टिकते. तीच नर्व्ह काखेत दाबली गेली, तर मात्र ट्रायसेप्सही जातो. म्हणजे नर्व्ह कुठे जाते एवढे पुरत नाही. वाटेत कोणती शाखा कुठे सुटते, त्या क्रमाने ती वाचावी लागते.

त्याच वेळी तिला आणखी एक गोष्ट उमगली: पुढचा प्रश्न बहुधा विद्यार्थ्याच्या शेवटच्या शब्दातून येतो. उत्तराच्या शेवटी तिने सहज न्यूट्रिएंट फोरॅमेनचा उल्लेख केला आणि परीक्षकाने त्याची दिशा विचारली. ते छिद्र कोपराकडे झुकलेले असते, कारण ह्यूमरस वाढतो मुख्यतः वरच्या टोकाकडून आणि छिद्राची दिशा वाढत्या टोकाच्या उलट असते. हे तिला येत होते, म्हणून तो प्रश्न निभावला. स्पष्ट करता येणार नाही असा शब्द उत्तराच्या शेवटी ठेवू नये, ही सूचना त्या अनुभवातून आली आहे.

तयारीची पद्धत पत्रात थोडक्यात दिली आहे. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकाने हाड द्यायचे आणि विचारायचे, दुसऱ्याने मोठ्याने बोलत दाखवायचे, पुस्तक बंद. मनातल्या मनात वाचलेले तोंडातून येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळते. कॉलेजात प्लॅस्टिकची हाडे असतील तर खोबणी आणि छिद्रे खऱ्या हाडावर एकदा तपासून घ्यावीत, कारण साच्यात बारीक खुणा पुसट होतात.

बोन सेट देण्यापूर्वी तिने ह्यूमरसवरचे लाल-निळे रंग ॲसिटोनने पुसून टाकले. डावा हाफ सेट ज्युनिअरच्याच बॅचमधल्या एका मुलीकडे गेला आहे. दर रविवारी दोघांनी हाडांची अदलाबदल करावी, असे पत्राच्या तळाशी लिहिले आहे.