61.8 टक्क्यांची रेघ

बाजार खूप पडला की पडलेल्या अंतराचा काही भाग तो पुन्हा चढतो. या परतीच्या चालीला रिट्रेसमेंट म्हणतात. ती कुठे अडखळेल याचा अंदाज बांधण्यासाठी ट्रेडर चार्टवर शिखर आणि तळ यांच्यामध्ये आडव्या रेघा मारतात: 23.6, 38.2, 50, 61.8 आणि 78.6 टक्क्यांवर. या आकड्यांचा उगम फिबोनाची मालिकेत आहे. 1, 1, 2, 3, 5, 8, 13 अशा या मालिकेत प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. पुढे पुढे कोणत्याही संख्येला तिच्या नंतरच्या संख्येने भागले, की उत्तर 0.618 च्या जवळ येते. त्याचा वर्ग 0.382, घन 0.236 आणि वर्गमूळ 0.786. इटलीच्या लिओनार्डोने ही मालिका 1202 मध्ये मांडली, पण छंदशास्त्रातल्या मात्रा मोजताना ती आपल्याकडे हेमचंद्राने त्याआधीच दिली होती. बाजाराशी तिचा संबंध मात्र विसाव्या शतकातला. राल्फ नेल्सन इलियट या अमेरिकी हिशेबनिसाने किमतीच्या लाटांमागे हीच मालिका असल्याचा दावा केला. यादीतल्या 50 टक्क्यांचा सुवर्ण गुणोत्तराशी काहीच संबंध नाही. ती साधी निम्मी आहे, आणि तरीही तिची बरीच चर्चा होते.

2020 चा निफ्टी या पद्धतीची चांगली परीक्षा घेतो. 20 जानेवारीला निर्देशांक 12,430 वर होता, 24 मार्चला 7,511 पर्यंत कोसळला. घसरण 4,919 अंकांची. तिचे 61.8 टक्के म्हणजे 3,040, ते तळात मिळवले की 10,551 येतात. 2 जुलैला निफ्टी 10,551 वरच बंद झाला. एवढेच सांगितले तर ऐकणारा थक्क होईल. पण दुसऱ्या दिवशी तो 10,607 वर आणि सोमवारी, 6 जुलैला, 10,760 च्या पुढे बंद झाला. रेघेवर पोचला, पण अडला नाही. चढणीतला एक मोठा अडथळा जूनच्या सुरुवातीला 10,328 जवळ आला होता, म्हणजे सुमारे 57 टक्क्यांवर. तिथे कोणतीच रेघ नव्हती.

एप्रिलअखेरचा अडथळा 9,889 च्या आसपास होता. 50 टक्क्यांची रेघ 9,971 वर, म्हणजे त्याच्या 80 अंक वर होती. मात्र जानेवारीऐवजी फेब्रुवारीच्या मध्यातले साधारण 12,247 हे शिखर धरले, तर निम्मी पातळी 9,879 येते आणि भाकीत अचूक वाटू लागते. पण मग 61.8 ची रेघ 10,438 वर घसरते आणि 2 जुलैचा चमत्कार हातचा जातो. पद्धतीचा खरा कच्चा दुवा हाच. शिखर कोणते धरायचे हे चार्ट वाचणारा ठरवतो, बरेचदा निकाल लागल्यावर. शिवाय प्रत्येक रेघेच्या वर-खाली अंतराच्या तीन तीन टक्क्यांची सूट दिली, तर पाच रेघा मिळून 30 टक्के पट्टा व्यापतात. किंमत कुठेही वळली, तरी दहात तीनदा ती निव्वळ योगायोगाने एखाद्या रेघेजवळ सापडेल.

मग कधी कधी किंमत खरोखर तिथेच का थांबते? निसर्गाचा नियम मानण्याची गरज नाही; लोकांचे लक्ष पुरते. एकच सॉफ्टवेअर, एकच ठळक शिखर आणि तेच पाच आकडे हजारो पडद्यांवर असतात. 10,551 पाशी नफा काढायचा असे ज्यांनी ठरवले, त्यांच्या विक्रीच्या ऑर्डर तिथे साचतात आणि किंमत अडखळते. उतरणीवर पैज लावणाऱ्यांचे स्टॉप लॉस त्याच रेघेच्या किंचित वर असतात. ते ओलांडले गेले की नाइलाजाची खरेदी सुरू होते आणि चढण वेग घेते. पूर्णांकी किमतींबाबत असा ढीग प्रत्यक्ष मोजला गेला आहे. अर्थतज्ज्ञ कॅरल ऑस्लर यांनी एका मोठ्या बँकेच्या चलनबाजारातल्या हजारो ऑर्डर तपासल्या. नफावसुलीच्या ऑर्डर गोल आकड्यांवर आणि स्टॉप लॉस त्यांच्या जरा पलीकडे जमतात, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. गोल आकड्यात कोणतेही सुवर्ण गुणोत्तर नसते.

हे स्पष्टीकरण बरोबर असेल, तर रेघांचा प्रभाव सर्वांच्या नजरेतल्या निर्देशांकांत जास्त आणि फारसे सौदे न होणाऱ्या शेअरमध्ये कमी दिसायला हवा. मोठी बातमी किंवा मोठा खरेदीदार आला की तो पुसला जायला हवा. प्रभाव टिकाऊही नसणार: सगळे 10,551 ला विकणार हे ठाऊक असलेला माणूस 10,530 लाच विकून मोकळा होतो, आणि गर्दी रेघेच्या अलीकडे सरकते.

म्हणून कोणी 61.8 ची रेघ दाखवली, तर शिखर आणि तळ कोणते धरले आणि ते किंमत वळण्याआधी लिहून ठेवले होते का, एवढे जरूर विचारावे.